आईच्या गुडघ्यासाठी सात आठवड्यांची रजा: नोव्हेंबर सोड, डिसेंबर धर

पत्र: ताई नमस्कार, मी ३४ वर्षांचा, मूळचा सदाशिव पेठेतला, चार वर्षं झाली इंग्लंडमध्ये लीड्सला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, स्किल्ड वर्कर व्हिसावर. आईच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट करायचं ठरलंय. आई ६६ ची, बाबा नाहीत, बहीण चिंचवडला आणि तिची दोन्ही मुलं लहान. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला सात आठवडे पाहिजेत, दिवाळी धरून, म्हणजे २ नोव्हेंबर ते १८ डिसेंबर. वर्षाला २५ दिवस रजा मिळते, जानेवारी ते डिसेंबर, त्यातली १४ उरलीय, बाकीची अनपेड घेईन. मॅनेजरला सहज विचारलं तर म्हणाला इथे दोन आठवड्यांच्या वर सहसा कोणी घेत नाही. तिकीट आत्ता स्वस्त दिसतंय, काढून टाकू का? मॅनेजरला नेमकं काय सांगू, की काही दिवस पुण्यातून काम करतो म्हणू? गेले तीन ख्रिसमस ऑन-कॉल मीच केलंय, पण ते बोलून दाखवायला कसंतरी वाटतं.
– लीड्सचा एक पुणेकर

उत्तर:

अरे, तिकीट काढू नकोस. आधी कॅलेंडर उघड आणि माझ्याबरोबर दिवस मोज, कारण तू लिहिलेल्या तारखांमध्ये एक अशी गोष्ट लपलीय जी तुझ्या मॅनेजरलासुद्धा बहुतेक माहीत नसणार, आणि ती रजेची नाही, व्हिसाची आहे.

२ नोव्हेंबर सोमवार, १८ डिसेंबर शुक्रवार, बरोब्बर सात आठवडे, म्हणजे कामाचे ३५ दिवस. या सात आठवड्यांत इंग्लंडमध्ये एकही बँक हॉलिडे येत नाही. तुझ्याकडे रजा १४. ३५ मधून १४ गेले की राहिले २१, आणि हे २१ दिवस तू बिनपगारी घेणार म्हणतोयस. आता स्किल्ड वर्कर व्हिसाचा नियम असा आहे की एका कॅलेंडर वर्षात, जानेवारी ते डिसेंबर, बिनपगारी किंवा कमी पगारावरची गैरहजेरी सगळी मिळून चार आठवड्यांच्या वर गेली तर कंपनीला तुझी स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. आठवड्याला पाच दिवस काम म्हणजे चार आठवडे झाले २० दिवस. तुझे होतायत २१. एका दिवसाने जास्त. आणि हे सलग असायची गरज नाही, फेब्रुवारीत घेतलेले तीन दिवस आणि नोव्हेंबरमधले अठरा, सगळे एकाच खात्यात जमा होतात. यात सूट आहे ती बाळंतपणाची रजा, पितृत्व रजा, आजारपणाची रजा, कायदेशीर संप अशा ठरलेल्या कारणांना. आजारपण म्हणजे तुझं स्वतःचं, आईचं ऑपरेशन त्यात बसत नाही.

मी तिकडे नऊ वर्षं एचआरमध्ये काढली आणि मग कोथरूडला परत आले, त्यामुळे हे मी टेबलाच्या त्या बाजूने बघितलेलं आहे. आमच्याकडे एक मुलगा होता, पिंपरीकडचाच. फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे बिनपगारी घेऊन गेला, मॅनेजरने आनंदाने सही केली. नोव्हेंबरमध्ये वडील ॲडमिट झाले तेव्हा परत दोन आठवडे बिनपगारी मागितले, आणि त्याच मॅनेजरने तितक्याच चांगल्या मनाने हो म्हटलं. मॅनेजरच्या डोक्यात व्हिसा नव्हताच, त्याच्या दृष्टीने टीममधला एक चांगला माणूस अडचणीत होता, बस. पेरोलला आकडे गेले तेव्हा आमच्या एका बाईच्या लक्षात आलं की तीन आणि दोन पाच होतात. तेव्हा तो पुण्यात हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला आणि मी त्याला फोन करून सांगतेय की दुसरा आठवडा पुढच्या वर्षीच्या पगारी रजेतून उचलू, लगेच ईमेल कर. निभावलं. पण स्पॉन्सरशिप थांबली असती तर होम ऑफिस, म्हणजे तिथलं गृहखातं, व्हिसाची मुदत कापतं, साधारण ६० दिवसांवर आणतं, आणि तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधायचा किंवा देश सोडायचा. त्याचा तो फोनवरचा आवाज मला अजून आठवतो, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

आता चांगली बातमी. तुझं प्रकरण अपघाताचं नाही. गुडघा बदलायचं ऑपरेशन हे ठरवून करायचं ऑपरेशन, तारीख तू आणि सर्जन मिळून ठरवणार. आईला दुखतंय हे खरंच, पण सर्जनची हरकत नसेल तर पाच-सहा आठवडे पुढे जाता येतं, तेवढ्यात शुगर, बीपी जागेवर आणायला आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून घ्यायलाही वेळ मिळतो. तारीख आपल्या हातात असणं हा रजा मागताना सगळ्यात मोठा आधार असतो, आणि तू तो दिवाळीला बांधून टाकलायस. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, मला कळतं रे, चार वर्षं झाल्यावर घरच्या फराळाची आठवण काय असते. पण ऑपरेशन दिवाळीत नको. घरात पाहुणे, बहिणीची मुलं, जिन्यावर ये-जा, आणि आई पलंगावरून उठून चकल्या तळायला निघणार, ती काय ऐकतेय.

म्हणून सगळं सहा आठवडे पुढे सरकव. सोमवार १४ डिसेंबर २०२६ ते शुक्रवार २९ जानेवारी २०२७. हेही सातच आठवडे, ३५ दिवस. पण यात २५ डिसेंबर शुक्रवार, बँक हॉलिडे. २६ डिसेंबर शनिवारी येतोय म्हणून बॉक्सिंग डेची बदली सुट्टी सोमवारी २८ ला. आणि १ जानेवारी परत शुक्रवार. तीन दिवस फुकट गेले, राहिले ३२. त्यातले डिसेंबरमधले १२, जानेवारीतले २०. आता बघ, डिसेंबरचे १२ तुझ्या उरलेल्या १४ मध्ये आरामात बसतात, वर दोन दिवस शिल्लक. जानेवारीपासून नवीन २५ दिवस सुरू होतात, त्यातले २० घेतलेस तर बिनपगारी एकही दिवस लागत नाही. तेच सात आठवडे, तीच आई, तोच गुडघा, २१ दिवसांचे शून्य दिवस झाले.

मी मात्र शून्य करू नको म्हणेन. जानेवारीतच २० दिवस संपवलेस तर अख्ख्या २०२७ साठी पाच दिवस उरतील, आणि आई ६६ ची आहे, वर्षात परत काही निघालं तर हातात काय? त्यापेक्षा जानेवारीत १४ पगारी आणि ६ बिनपगारी घे. मग वर्षभरासाठी ११ पगारी दिवस उरतात, आणि बिनपगारीचे ६ हे २० च्या मर्यादेपासून खूप लांब आहेत. हिशेबाला सोपं म्हणून पगार वर्षाला ४६,८०० पाउंड धरू. बऱ्याच कंपन्या २६० ने भागतात, म्हणजे दिवसाला १८० पाउंड, सहा दिवसांचे १,०८० पाउंड टॅक्सच्या आधीचे. पण पेरोलला आधीच विचार, कारण काही ठिकाणी ३६५ ने भागतात आणि मग मधले शनिवार-रविवारही कापतात, दोन्हींचा आकडा वेगळा येतो. आणखी एक विचार, नवीन वर्षाची रजा जानेवारीतच एवढी उचलू देतात का. बहुतेक देतात, वर्षाच्या मध्ये नोकरी सोडलीस तर जास्त घेतलेले दिवस शेवटच्या पगारातून कापतात एवढंच, पण ते लेखी असू दे. तुझ्या आधीच्या काही अनपेड रजा झाल्या असतील तर त्याही एकदा सिस्टीममध्ये बघून घे, माणूस विसरतो.

आता या सात आठवड्यांत पुण्यात नक्की काय होणार ते तारखांवर बसवू, कारण मॅनेजरला हेच दाखवायचंय. १२ डिसेंबरच्या शनिवारी निघालास तर रविवारी पोचतोस, मुंबईहून कॅबने घरी. सोमवार ते बुधवार तपासण्या, भूलतज्ज्ञाची भेट. ऑपरेशन समजा गुरुवारी १७ डिसेंबरला. एका गुडघ्याला साधारण तीन ते पाच दिवस हॉस्पिटल. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, कधी त्याच दिवशी, वॉकर घेऊन उभं करतात, त्यामुळे आई चालायला लागली म्हणजे आता काय, असं घरच्यांना वाटतं आणि तिथेच चुकतं. घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात जड. रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठवायचं, बर्फाने शेकायचं, गोळ्या वेळेवर, आणि फिजिओ गुडघा वाकवून घेणार तेव्हा आई रडणार आणि म्हणणार आज राहू दे. तेव्हा कोणीतरी हात धरून 'अजून पाच वेळा' म्हणणारं लागतं, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा वाकला नाही तर नंतर तो आखडलेलाच राहण्याची भीती असते. हे काम ब्यूरोतून आलेल्या मावशी करतील, पण आई मावशींचं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. टाके किंवा पिना साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आसपास. वॉकर सुटून काठी यायला बहुतेकांना तीन ते सहा आठवडे. आणि सर्जनची सहा आठवड्यांची तपासणी येते गुरुवारी २८ जानेवारीला, तुझ्या रजेच्या शेवटून दुसऱ्या दिवशी. ते दुसऱ्या मजल्याचे जिने फिजिओ आधीच शिकवेल, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, पण भरवसा यायला वेळ लागतो. २८ तारखेला आईला दोन मजले उतरवून, तपासणी करून, परत चढवून घरी आणलंस की तुझं तिथलं काम झालं.

सर्जनकडून हे लेटरहेडवर लिहून घे. साधं पत्र, ऑपरेशनचं नाव, अंदाजे तारीख, आणि पेशंटला सहा आठवडे घरी सोबतीची गरज आहे हे एक वाक्य. आजारपणाचा पाढा नको, रिपोर्ट जोडायचे नाहीत. पुण्यातल्या डॉक्टरांना असं पत्र द्यायची सवय असते, इंग्रजीत मागितलंस तर इंग्रजीतच देतील.

मॅनेजरच्या 'सहसा कोणी घेत नाही' याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्याने नाही म्हटलेलं नाही, रीत सांगितलीय. तिथल्या लोकांचे आईबाप तीन तासांच्या गाडीच्या अंतरावर असतात, शनिवारी जाऊन येतात, त्यामुळे सात आठवडे हा आकडा त्यांना आधी लांबलचक सुट्टीसारखाच ऐकू येतो. तू 'सहज' विचारलंस ना, तिथेच गडबड झाली. सहज विचारलेल्याला सहज उत्तर मिळतं. आता अर्ध्या तासाची वेगळी वेळ माग, आणि ईमेल पाठवायच्या आधी तोंडी बोल, म्हणजे त्याला विचार करायला जागा राहते आणि पहिलं 'नाही' लेखी येत नाही.

बोलताना कारण आधी सांग, आकडा नंतर. आईचं १७ डिसेंबरला गुडघ्याचं ऑपरेशन आहे, घरात दुसरं मोठं माणूस नाही, सहा आठवडे चोवीस तास कोणीतरी लागणार आहे. मग तारखा. मग लगेच कामाचं, कारण त्याच्या डोक्यात तेच चाललेलं असणार. आणि इथे डिसेंबर तुझ्या बाजूने आहे. बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांत डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोड फ्रीझ असतो, नवीन काही प्रॉडक्शनला जात नाही, तुमच्याकडे कधी असतो ते तुला माहीतच आहे. म्हणजे तुझ्या सातपैकी जवळजवळ तीन आठवडे असेही संथ. नोव्हेंबर बहुतेक उलटा असतो, फ्रीझच्या आधी सगळ्यांना सगळं ढकलायचं असतं, त्या वेळी तू नाहीस म्हटल्यावर कुठलाही मॅनेजर कपाळाला हात लावेल.

डिसेंबरची एकच अडचण, ख्रिसमसला सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. आणि इथे तुझे ते तीन ख्रिसमस येतात. बोलून दाखव. उपकार केल्यासारखं नाही, नुसती वस्तुस्थिती म्हणून. 'गेली तीन वर्षं ख्रिसमसचं ऑन-कॉल मी केलंय, यावर्षी मला जमणार नाही, त्याबदल्यात ईस्टर आणि ऑगस्टच्या शाळेच्या सुट्ट्यांतलं ऑन-कॉल मी घेतो.' एवढंच. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की केलेलं सांगू नये, घरात ते ठीक आहे, ऑफिसात रोस्टर कोणाच्या लक्षात राहत नाही. मुलंबाळंवाल्या सहकाऱ्यांना ऑगस्ट मोकळा मिळाला तर ते आनंदाने ख्रिसमस वाटून घेतील, आधी दोघा-तिघांशी बोलून ठेव, मॅनेजरकडे जाताना नावं हातात असू देत.

बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल. मजकूर छोटा ठेव, साधारण असा: आपण आज बोललो त्याप्रमाणे १४ डिसेंबर २०२६ ते २९ जानेवारी २०२७ रजेची विनंती करतोय, कामावर परत सोमवार १ फेब्रुवारीला. कारण आईचं ठरलेलं ऑपरेशन, डॉक्टरांचं पत्र जोडलंय. एकूण कामाचे ३२ दिवस, त्यातले १२ यावर्षीच्या रजेतून, १४ पुढच्या वर्षीच्या, ६ बिनपगारी. माझं काम कोण बघणार त्याची यादी सोबत आहे, हस्तांतर ११ डिसेंबरपर्यंत पूर्ण करतो. ख्रिसमसच्या ऑन-कॉलची बदली अमुक यांच्याशी बोललोय. तिकीट काढायचंय, त्यामुळे अमुक तारखेपर्यंत कळवाल का. आणि एचआरला सीसी कर, एक ओळ घालून की मी स्पॉन्सर्ड व्हिसावर आहे, २०२७ मधली बिनपगारी रजा सहा दिवसच होतेय हे तुमच्याकडेही नोंदवा. ही ओळ विसरू नकोस. मॅनेजर बदलतो, एचआरची माणसं बदलतात, ईमेल राहतो.

हे कधीपर्यंत? तिथला कायदा, कंपनीचा वेगळा नियम नसेल तर, असं म्हणतो की जेवढी रजा त्याच्या दुप्पट आधी कळवायचं. सात आठवड्यांना चौदा आठवडे, म्हणजे १४ डिसेंबरपासून मागे मोजलं तर सोमवार ७ सप्टेंबर. मालक नाकारू शकतो, पण त्यालाही रजेएवढे दिवस आधी नाही म्हणावं लागतं. तुझ्या कंपनीच्या हँडबुकात वेगळं असेल तर ते चालेल, तरी ७ सप्टेंबर ही बाहेरची रेघ धर. मी तुझ्या जागी असते तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच बोलले असते, कारण ख्रिसमसच्या रजा लोक सप्टेंबरमध्ये टाकायला लागतात आणि एकदा चार जणांच्या मंजूर झाल्या की पाचव्याचं कारण कितीही खरं असलं तरी जागा उरत नाही.

समजा सात नाहीच म्हणाला. तर काय घ्यायचं हे आत्ता ठरवून जा, तिथे बसून ठरवू नकोस. १४ डिसेंबर ते १५ जानेवारी, पाच आठवडे. याचे होतात २२ दिवस, डिसेंबरचे १२ आणि जानेवारीचे १०, सगळे पगारी. ऑपरेशन, टाके, आणि ते जड दोन आठवडे यात येतात, वॉकरवरून काठीवर जाणंही कदाचित. शेवटचे दोन आठवडे मग बहीण आणि दिवसपाळीच्या मावशी असं बसवावं लागेल, २८ च्या तपासणीला बहिणीने रजा टाकायची. पाचाच्या खाली मात्र उतरू नकोस. तीनच आठवडे देतो म्हणाला तर ऑपरेशनची तारीखच पुढे ढकल आणि मार्चमध्ये नव्याने माग, पण आईला टाके निघाल्या निघाल्या सोडून विमानात बसू नकोस, त्या जिन्याच्या घरात नाही.

तिथे केअरर्स लीव्ह म्हणून एक हक्काची रजा आहे, एप्रिल २०२४ पासून, दीर्घकाळ काळजी लागणाऱ्या आईवडिलांसाठी वर्षाला एक आठवडा, बिनपगारी, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. मालक ती पुढे ढकलू शकतो, नाकारू शकत नाही. ती आत्ता वापरू नकोस, राखून ठेव. आणि वापरलीस तर तीही बिनपगारीच आहे, म्हणून त्या चार आठवड्यांत मोजली जाईल असंच धरून चाल.

पुण्यातून काम करायचं म्हणतोस, ते मला पटत नाही. निदान पहिले चार आठवडे तरी नाही. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेपाच तासांचा, तुझा दिवस दुपारी अडीचला सुरू होऊन रात्री अकराला संपणार. संध्याकाळचा फिजिओ, आईचं जेवण, झोपायच्या आधीच्या गोळ्या, सगळं नेमकं त्याच वेळात. कॉलवर असताना आतून 'अरे बाळा' अशी हाक आली की तू दोन्हीकडे अर्धा. शिवाय कंपनीला ते इतकं सोपं नसतं, परदेशातून काम म्हटलं की टॅक्स, डेटा, आणि स्पॉन्सर म्हणून तुझ्या कामाच्या जागेची जबाबदारी, हे सगळं एचआरला बघावं लागतं. त्यांनी स्वतःहून शेवटच्या आठवड्यासाठी लेखी परवानगी दिली तर घे, तेवढे पगारी दिवस वाचतील. पण न सांगता लॅपटॉप उघडून 'दोन ईमेल टाकतो' असं करू नकोस, लॉगिन कुठून झालं ते त्यांना दिसतं. लॅपटॉप नेऊच नको म्हणेन, सहकाऱ्याला फोन नंबर दे, खरंच आग लागली तर करेल फोन.

तिकिटाचं, हो, डिसेंबरमध्ये महाग पडेल, नोव्हेंबरच्या मानाने बरंच. ते सोसायला लागेल. मंजुरीचा ईमेल हातात आल्यावरच काढ, आणि परतीची तारीख बदलता येईल असं काढ, जखम भरायला आठ दिवस जास्त लागू शकतात. तसं झालंच तर राखून ठेवलेले ते ११ दिवस तिथे कामाला येतील. शनिवारी ३० जानेवारीला निघ, रविवारी पोच, सोमवारी कामावर. १२ डिसेंबरला निघून ३१ जानेवारीला पोचलास तर इंग्लंडबाहेरचे पूर्ण दिवस होतात ४९. तुला पुढे सेटलमेंटला अर्ज करायचा असेल तर कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलेलं चालत नाही, तू त्याच्या आसपासही नाहीस, पण पासपोर्टमधल्या तारखा एका वहीत लिहीत जा, नंतर आठवत नाहीत. आणि निघायच्या आधी युकेव्हीआय अकाउंट उघडून ईव्हिसाला आत्ताचाच पासपोर्ट जोडलेला आहे ना ते बघ. मधे पासपोर्ट नवीन केला असशील आणि तिथे जुनाच नंबर असेल तर परत येताना मुंबईला चेक-इन काउंटरवर अडवतात, रात्री दोन वाजता, मागे रांग असताना.

आता या आठवड्यात एकच कर. बहिणीला सांग आईला घेऊन सर्जनकडे जायला, तू व्हिडिओवर बस, आणि दोन प्रश्न विचार: १७ डिसेंबरपर्यंत थांबलं तर चालेल का, आणि ती तारीख आत्ता धरून ठेवता येईल का. ते हो म्हणाले की मॅनेजरची वेळ माग. आणि बहिणीला सांगून ठेव, दिवाळीच्या साफसफाईत बाथरूममध्ये पकडायला दोन बार बसवून घ्यायचे आणि इंडियन टॉयलेट असेल तर कमोड खुर्ची आणून ठेवायची, आईला आत्तापासून त्यावर बसायची सवय लागू दे.